आधी पैसा की आधी भाव?

चलनपुरवठा आणि भावपातळी यांच्यातील नात्यावर अर्थशास्त्रात जी संख्याशास्त्रीय चाचणी सर्वाधिक वापरली जाते ती क्लाइव्ह ग्रेंजर यांची. त्यांनी 1969 मध्ये ती मांडली. तिचा प्रश्न मर्यादित आहे. पुढच्या महिन्यातील भाववाढीचा अंदाज आधी फक्त मागील महिन्यांच्या भाववाढीवरून करायचा. मग त्याच अंदाजात मागील महिन्यांतील चलनवाढीचे आकडे मिळवायचे आणि अंदाजातील चूक कमी होते का, ते पाहायचे. चूक योगायोगाने होईल त्यापेक्षा जास्त कमी झाली, तर चलन भावांचे ‘ग्रेंजर-कारण’ आहे असे म्हणतात. नंतर हीच चाचणी उलट दिशेनेही घेतात: मागील भाववाढीमुळे चलनवाढीचा अंदाज सुधारतो का?

समीकरणात हे असे दिसते. येथे p म्हणजे भाववाढ, m म्हणजे चलनवाढ, t म्हणजे महिना आणि e म्हणजे अंदाजात राहिलेली चूक.

```
p(t) = a + b1·p(t-1) + b2·p(t-2)
         + c1·m(t-1) + c2·m(t-2) + e(t)
```

c1 आणि c2 दोन्ही शून्य मानूनही अंदाज तितकाच चांगला येत असेल, तर चलनाच्या मागील आकड्यांतून काही नवे कळत नाही. चाचणीचे काम इथेच संपते. एका मालिकेत दुसरीबद्दलची आगाऊ माहिती आहे की नाही, एवढेच ती सांगते. चलन कमी-जास्त केले तर भावांचे काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो या समीकरणात विचारलेलाच नाही. ‘कारण’ हा शब्द चाचणीच्या नावात आल्यामुळे हे दोन प्रश्न सर्रास एक समजले जातात.

या दोन प्रश्नांत किती अंतर पडू शकते हे जर्मनीच्या 1921 ते 1923 या काळातील महागाईत दिसते. पहिल्या महायुद्धाआधी एका अमेरिकी डॉलरला 4.2 मार्क पडत. नोव्हेंबर 1923 मध्ये तोच दर 4.2 लाख कोटी मार्कांवर गेला. सरकारचा खर्च करांच्या उत्पन्नाहून खूप मोठा होता. तूट भरून काढण्यासाठी सरकार हुंड्या काढी आणि राइक्सबँक ही मध्यवर्ती बँक त्या वटवून नव्या नोटा देई. जानेवारी 1923 मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर खोरे व्यापल्यावर तेथील संपाचा भारही तिजोरीवर आला आणि छपाई आणखी वाढली. महागाई नोटांच्या छपाईतून आली, याबद्दल आज फारसे दुमत नाही.

फिलिप केगन यांनी 1956 मध्ये जर्मनीसह अनेक देशांतील अशा महागाईचे मासिक आकडे अभ्यासले होते. थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी 1973 मध्ये त्या आकड्यांवर पूर्वानुमानाच्या दिशेची तपासणी केली. निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. मागील भाववाढीवरून पुढील चलनवाढीचा अंदाज स्पष्टपणे बांधता येत होता, पण मागील चलनवाढीवरून पुढील भाववाढीबद्दल मिळणारा पुरावा दुबळा होता. हा निकाल जसाच्या तसा घेतला तर भाव हे कारण आणि नोटा हा परिणाम ठरतो. त्या काळी कार्ल हेल्फेरिख यांच्यासारखे जर्मन अर्थतज्ज्ञ नेमके हेच म्हणत होते: मार्क परदेशात घसरतो, त्यामुळे भाव चढतात, आणि चढ्या भावांच्या व्यवहारासाठी बँकेला नोटा छापाव्याच लागतात.

सार्जंट-वॉलेस यांनी मात्र त्याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावला. समजा, सरकारला दरमहा 100 मार्कांची खरेदी करायची आहे, कर 40 मार्कांचे येतात आणि उरलेले 60 मार्क छापले जातात. भाव दुप्पट झाले आणि कर भावांबरोबर वाढले, तरी तेवढ्याच खरेदीसाठी 120 मार्क छापावे लागतील. म्हणजे मागील भाववाढ पुढच्या छपाईचा आकडा ठरवते. दुसऱ्या बाजूने, लोक पुढे किती नोटा येणार याचा अंदाज आजच घेतात. उद्या पैशाची किंमत घटणार हे ओळखलेला माणूस पगार हाती पडताच वस्तू घेतो आणि नोट लगेच दुसऱ्याच्या हाती जाते. त्यामुळे भाव नोटांच्या आधी आणि नोटांपेक्षा वेगाने चढतात. चलनाच्या मागील आकड्यांतून जे कळले असते ते आजच्या भावात आधीच उतरलेले असते. म्हणून ते आकडे अंदाजात मिळवून फारसा उपयोग होत नाही. घटनांचा क्रम भाव आणि मग नोटा असा दिसतो, पण मुळाशी असते तूट नोटांनी भरण्याचे धोरण, आणि भाव त्या धोरणाची चाहूल आधी घेतात.

हेल्फेरिख आणि सार्जंट-वॉलेस यांचे हे दोन अर्थ एकमेकांविरुद्ध आहेत, तरी आकड्यांच्या त्याच मालिकेशी दोन्ही जुळतात. चाचणी कितीही काटेकोरपणे केली, महिन्यांची संख्या कितीही वाढवली, तरी त्यांतला खरा कोणता हे ती निवडू शकत नाही.

उलट प्रकारची चूकही होते. क्रिस्टोफर सिम्स यांना 1972 मध्ये अमेरिकी आकड्यांत चलनापासून राष्ट्रीय उत्पन्नाकडे जाणारी एकाच दिशेची वाट दिसली, आणि चलनवादी अर्थशास्त्रज्ञांना हायसे वाटले. 1980 मध्ये सिम्स यांनीच विश्लेषणात व्याजदर मिळवला तेव्हा चलनाची भाकीत करण्याची ताकद बरीच ओसरली. ज्या मालिकेला आधी श्रेय मिळाले होते, ती बहुधा व्याजदराने आधीच दाखवलेली माहिती उशिरा सांगत होती. चाचणीचा निकाल त्यात कोणत्या मालिका घेतल्या आणि कोणत्या सोडल्या यावर अवलंबून असतो, आणि सोडलेल्या मालिकेची खबर चाचणी देत नाही.

तिसरी अडचण मध्यवर्ती बँक कामात चोख असते तेव्हा येते. खोलीचे तापमान स्थिर राखणारे यंत्र बाहेर थंडी वाढली की जास्त इंधन जाळते; खोली तेवढीच उबदार राहते आणि मोजणाऱ्याला इंधनाचा तापमानाशी संबंधच दिसत नाही. भारतात 2016 पासून रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट भाववाढ 4 टक्क्यांच्या आसपास, दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांच्या मर्यादेत ठेवण्याचे आहे. बँक त्यात जितकी यशस्वी होईल, तितके मागील चलनवाढीवरून पुढच्या भाववाढीचे भाकीत करणे अवघड होईल. म्हणून चाचणीत ‘संबंध नाही’ असे आले, तर चलनाचा परिणाम नाही की धोरणाने तो बरोबर फेडून टाकला, हे आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

जर्मनीचा निवाडा त्यामुळे चाचणीने झाला नाही, धोरण बदलल्यावर झाला. 15 नोव्हेंबर 1923 रोजी रेन्टेनमार्क हे नवे चलन आले; एक रेन्टेनमार्क 1 लाख कोटी कागदी मार्कांच्या मोलाचा ठरला. त्याच सुमारास राइक्सबँकेने सरकारी हुंड्या वटवणे थांबवले. नव्या रेन्टेनबँकेने सरकारला जास्तीत जास्त 120 कोटी रेन्टेनमार्क देण्याची मर्यादा घातली होती, आणि डिसेंबरात सरकारने आणखी मागितले तेव्हा तिने नकार दिला. सरकारने नोकरकपात केली आणि तूट आटोक्यात आणली. भाव थांबले. मात्र नोटा थांबल्या नाहीत: पुढील महिन्यांत चलनातील रक्कम अनेक पटींनी वाढली, कारण नोटा पुन्हा खिशात ठेवण्याजोग्या वाटू लागल्या होत्या आणि लोकांना त्या जास्त हव्या होत्या.

आधीच्या महिन्यांवर बेतलेले समीकरण डिसेंबर 1923 साठी चालवले असते, तर त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या भाववाढीवरून आणखी प्रचंड भाववाढीचा आकडा दिला असता. हुंड्या वटवणे बंद झाल्याची नोंद त्याच्या कोणत्याच पदात नव्हती.