‘दोन दिवसात’ की ‘दोन दिवसांत’?

‘पंधरा दिवसात अर्ज सादर करावेत,’ असे कार्यालयाच्या फलकावर लिहिलेले असते आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही. लेखननियमांप्रमाणे मात्र तिथे ‘दिवसांत’ हवे, कारण दिवस पंधरा आहेत.

नामाच्या अनेकवचनाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडताना आधीच्या अक्षरावर अनुस्वार द्यायचा, हा १९६२च्या नियमांतला एक सोपा नियम. मग चूक नेमकी ‘त’पाशीच का होते? ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय अनेकवचनात स्वतःच बदलतात. आपण ‘एका तासाने निघू’ म्हणतो, पण ‘दोन तासांनी’. ‘मुलाला’ एक, ‘मुलांना’ अनेक. तिथे टिंब विसरले तरी वाचणाऱ्याला अर्थ कळतो. ‘त’ मात्र दोन्ही वचनांत तोच राहतो. ‘या गावात पाणी शिरले’ आणि ‘या गावांत पाणी शिरले’ या दोन बातम्यांत फरक फक्त टिंबाचा, आणि भरभर बोलताना तोही नीट ऐकू येत नाही.

म्हणून शंका आली की ‘त’ काढून तिथे ‘ने’ किंवा ‘ला’ लावून पाहावे. त्याचे ‘नी’ किंवा ‘ना’ झाले, तर टिंब द्यायचे. ‘पुढच्या महिन्याने’, म्हणून ‘पुढच्या महिन्यात’. ‘तीन महिन्यांनी’, म्हणून ‘तीन महिन्यांत’.

आदरार्थी बोलण्यालाही हीच कसोटी लागते. सर एकच असले तरी ‘सरांना’ म्हणतो, म्हणून ‘सरांचा तास’. शाळेतल्या बाई ‘बाईंना’, म्हणून ‘बाईंचा डबा’. घरातल्या आईला आपण अरेतुरे करतो, त्यामुळे ‘आईला’ आणि ‘आईचा’ इथे टिंबाचे कामच नाही. निमंत्रणपत्रिकेत ‘यांचे’ऐवजी ‘याचे’ छापले गेले, तर मात्र यजमान एकदम एकेरीवर येतात. मुद्रितशोधकाने सगळ्यात आधी पाहावी अशी ही जागा.

‘त’च्या शेजारचे टिंब आणखी एका ठिकाणी फसवते. ‘सुखांत’ म्हणजे अनेक सुखांमध्ये, पण शेवट गोड होणारे नाटक ‘सुखान्त’. ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये, आणि ‘वेदान्त’ हे दर्शन. असे दोन अर्थ संभवतात तिथे संस्कृत शब्दात टिंबाऐवजी ‘न्’ जोडून लिहावा, अशी सूट नव्हे, सूचनाच नियमांत आहे.

याच नियमांनी ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार काढून टाकले. ‘नांव’, ‘पांच’, ‘गांव’ यांची ‘नाव’, ‘पाच’, ‘गाव’ झाली. ‘नाव’ होडी की ओळख, हे आता संदर्भावरूनच ओळखायचे. दुकानांच्या पाट्यांवर ‘गांव’ अजून तग धरून आहे.

ने-लाची कसोटी एका जागी मात्र हरते. ‘तुम्हांला’, ‘आम्हांला’ यांत प्रत्यय ‘ला’च राहतो, तरी सर्वनाम अनेकवचनी असल्यामुळे नियम तिथे टिंब मागतो. छापील मजकुरात बहुतेकदा ‘तुम्हाला’च दिसते, आणि ते वाचताना कुणी अडत नाही.