नूतनीकरणाच्या नोटिशीला न्यासाचे उत्तर

आयकर कायद्याखाली करमाफीची नोंदणी ठराविक मुदतीची असते. नूतनीकरणाच्या अर्जानंतर आयकर आयुक्त (सूट) नोटीस काढून प्रामुख्याने दोन गोष्टी तपासतात: काम खरोखर चालते का आणि ते न्यासपत्रातील उद्देशांत बसते का.

समजा, वाचनालय चालवणाऱ्या एका न्यासाने आरोग्य शिबिरावर 40,000 रुपये खर्च केले. नुसती बिले जोडून भागत नाही. घोटाळा नेमका इथेच होतो. उत्तराच्या पत्रात न्यासपत्रातील ‘वैद्यकीय मदत’ हे कलम क्रमांकासह दाखवावे आणि त्याखाली ठराव, बिल, बँकेची नोंद जोडावी. तसे कलमच नसेल, तर खुलासा लंगडा पडतो. दिलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही, तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.