अबोल माणसाने परिषदेत ओळखी कशा कराव्यात?

परिषदेत भाषणं ऐकताना अबोल माणसाला काहीच अडचण येत नाही. पंचाईत होते ती चहाच्या सुट्टीत. बाकीचे घोळक्याने बोलत उभे असतात आणि हा हातात कप धरून मोबाइलमध्ये डोकं घालतो. 'जरा मिसळत जा' हा सल्ला त्याच्या उपयोगाचा नाही, कारण अनोळखी गर्दीत मिसळणं हेच त्याला थकवतं. त्याने दोन-तीन माणसं आधीच हेरून ठेवावीत आणि तेवढ्यांशीच नीट बोलावं.

त्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे पोस्टरचं सत्र. शास्त्रीय परिषदांत संशोधक आपलं काम मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभे असतात आणि कुणीतरी येऊन विचारावं याचीच वाट बघत असतात. विषय समोरच लावलेला असल्याने हवापाण्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दोघांची नजर पोस्टरवर असते, म्हणून मध्येच शांतता पसरली तरी ती अवघड वाटत नाही.

समजा, उसाच्या ठिबक सिंचनावर पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी परिषदेला निघाली आहे. गोषवाऱ्यांची पुस्तिका आदल्या दिवशी वाचून ती तीन पोस्टरांवर खुणा करते आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न लिहून ठेवते. त्यातलं एक पोस्टर टेन्शिओमीटरने, म्हणजे मातीतला ओलावा कळण्यासाठी जमिनीत रोवायच्या नळीने, घेतलेल्या नोंदींचं आहे. सत्र सुरू झालं की गर्दी व्हायच्या आत ती तिथे जाते. नाव सांगून थेट विचारते, "सर, काळी माती सुकून भेगा पडल्या की नळीचा मातीशी संपर्क तुटत नाही का?"

"तुटतो ना! उन्हाळ्यातले काही दिवसांचे आकडे टाकूनच द्यावे लागले आम्हाला."

इथे बरेच जण "अच्छा" म्हणून थांबतात किंवा स्वतःच्या कामाकडे वळतात. ती उत्तराचाच धागा पकडते, "मग त्या दिवसांत पाणी किती द्यायचं, हे कसं ठरवलंत?" आता सर खुलून बोलू लागतात. हार्वर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं, की समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढणारी माणसं लोकांना अधिक आवडतात. नीट ऐकून घेणाऱ्याला असे प्रश्न सहज सुचतात.

चहाच्या टेबलाशी मात्र घोळका पारखून घ्यावा. दोघं समोरासमोर तोंड करून उभे असतील, तर त्यांच्यात जाऊ नये. तिघे-चौघे अर्धवर्तुळात, एक बाजू मोकळी सोडून उभे असतील, तर तिथे जाऊन उभं राहावं, थोडं ऐकावं आणि मग बोलावं.

बोलणं थांबवायचं कसं, हेही आधी ठरवलेलं बरं. "तुमच्याकडे अजून लोक थांबलेत, सर. त्या कोष्टकासाठी मेल करू का?" एवढं पुरतं. लगेच बाजूला होऊन नाव आणि बोलण्यातली एक खास गोष्ट टिपून ठेवावी. तीन पोस्टर पाहून झाली की संध्याकाळी सगळी नावं एकमेकांत मिसळतात.

मेल एक-दोन दिवसांत जायला हवा. 'आपल्याला भेटून आनंद झाला, संपर्कात राहू' असा मेल वाचून कुणाला काही आठवत नाही. या विद्यार्थिनीचा मेल असा आहे: "सर, काल पोस्टरपाशी मी काळ्या मातीतल्या भेगांबद्दल विचारलं होतं. नोंदी नव्हत्या त्या दिवसांत तुम्ही पाणी कसं ठरवलंत, ते कोष्टक पाठवाल का? माझ्या शेतातल्या नोंदी सोबत जोडते आहे, तुलनेला उपयोगी पडतील." भेटीची आठवण, नेमकी मागणी आणि आपल्याकडून काहीतरी, एवढ्यात मेल पूर्ण होतो. पहिल्याच मेलमध्ये नोकरी किंवा शिफारसपत्र मागितलं, तर बहुधा उत्तरच येत नाही. दोन आठवडे वाट पाहून एकदा आठवण करावी आणि मग विषय सोडून द्यावा.

'आपण फारच वेड्यासारखं बोललो' ही रुखरुख अबोलांना घरी परतल्यावरही छळते. तिच्यावर फार विश्वास ठेवू नये. नव्याने भेटलेल्यांना आपण किती आवडलो, याचा अंदाज माणसं बहुधा कमीच लावतात, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं आहे.

अशा ओळखीची मैत्री व्हायलाच हवी असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवून दिलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली होती. त्यामुळे वर्षातून एक-दोन कामाचे मेल झाले, तरी ओळख टिकली असं खुशाल समजावं.