अंधाराच्या प्रवेशात आवाज कुठे जातो?

मोबाइलवर चित्रित केलेली एकांकिका फोनमध्येच पाहिली तर काही खटकत नाही. तीच संगणकावर घेऊन एडिट केली किंवा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलली, की कधीकधी पात्राचे ओठ आधी हलतात आणि वाक्य मागाहून ऐकू येतं. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, मग मध्येच कुठेतरी सूत सुटतं. बहुतेकांचा पहिला संशय माइकवर जातो. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो. गडबड चित्राच्या बाजूची असते.

फोनच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ३० फ्रेम असं लिहिलेलं असलं, तरी फोन तो आकडा काटेकोर पाळतोच असं नाही. रंगमंचावरचे दिवे मंदावले, की प्रत्येक फ्रेमला जास्त उजेड मिळावा म्हणून तो सेकंदाला कमी फ्रेम टिपतो. आयफोन अशा वेळी आपणहून ३० वरून २४ वर येऊ शकतो. हाच व्हेरिएबल फ्रेम रेट. प्रत्येक फ्रेम कोणत्या क्षणी दाखवायची याची नोंद फाइलमध्ये असते आणि प्लेअर ती पाळतो, म्हणून फोनवर सगळं जागच्या जागी दिसतं. काही कन्व्हर्टर आणि एडिटर मात्र या नोंदी न पाहता नुसत्या फ्रेम मोजतात. आवाज आपल्या ठरल्या चालीने पुढे जात राहतो, चित्राची चाल बिघडते.

समजा, एकांकिका ४० मिनिटांची आहे आणि १८ ते २२ ही चार मिनिटं अंधुक उजेडातला प्रवेश आहे. एरवी सेकंदाला ३० फ्रेम, त्या प्रवेशात २४. म्हणजे त्या चार मिनिटांत ७,२०० ऐवजी ५,७६० फ्रेम टिपल्या गेल्या. सॉफ्टवेअरने त्या सेकंदाला ३० च्या हिशेबाने दाखवल्या, तर चार मिनिटांचं चित्र १९२ सेकंदांत संपतं. अठराव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक, त्या प्रवेशात चित्र हळूहळू पुढे पळतं आणि तिथून शेवटपर्यंत आवाज ४८ सेकंद मागे राहतो.

काही सॉफ्टवेअर सरासरी काढतात, इथे सेकंदाला २९.४. तो प्रकार जास्त फसवा. सुरुवात जुळते, शेवटही जुळतो, पण अठराव्या मिनिटाला चित्र सुमारे २२ सेकंद मागे पडलेलं असतं. म्हणूनच आवाजाची पट्टी ताणून किंवा दाबून हे दुखणं बरं होत नाही: टोकं जुळवली तरी मधलं बिनसलेलंच राहतं. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे-पुढे असेल, तर मात्र कारण वेगळं. तिथे पट्टी नुसती सरकवली की काम होतं.

शंका आली की मूळ फाइल मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावी. Frame rate mode समोर Variable दिसलं, तर संशय रास्त आहे. मग एडिटिंगला हात लावण्याआधीच फाइलचा फ्रेम रेट कायम करून घ्यावा. हँडब्रेकमध्ये Video या टॅबवर फ्रेम रेट ३० निवडून Constant Framerate वर खूण करायची. तिथे बऱ्याचदा Peak Framerate आधीच निवडलेलं असतं आणि ते तसंच ठेवलं तर फाइल व्हेरिएबलच राहू शकते. कमांड लिहायची सवय असेल, तर एफएफएमपेगमध्ये एवढं पुरतं:

```
ffmpeg -i natak.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:v libx264 -crf 18 -c:a copy natak_cfr.mp4
```

जुन्या आवृत्तीत `-fps_mode` ऐवजी `-vsync` लिहावं लागतं. आवाजाला इथे कुणी हात लावत नाही. वेळेच्या नोंदी पाहून जिथे फ्रेम कमी आहेत तिथे शेजारचीच फ्रेम पुन्हा घातली जाते. काम चालू असताना स्क्रीनवर `dup=` पुढचा आकडा वाढताना दिसतो. आपल्या उदाहरणात तो १,४४० च्या आसपास थांबायला हवा. अंधुक प्रवेशातली हालचाल यामुळे जराशी अडखळते, पण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक खोच ध्यानात ठेवावी: `-r 30` हे `-i` च्या आधी लिहिलं, तर फाइलमधल्या वेळेच्या नोंदीच दुर्लक्षिल्या जातात आणि जो बिघाड काढायला बसलो तोच नव्याने तयार होतो.

हे सगळं मूळ फाइलवरच करायचं. एकदा बिघडून बाहेर पडलेल्या फाइलमध्ये खऱ्या वेळा उरलेल्या नसतात, त्यामुळे तिच्यावर ही कमांड चालवून काहीच हाती लागत नाही. मूळ चित्रण पुसून टाकलेलं असेल, तर चित्र आणि आवाज वेगळे करून अंधुक प्रवेशाच्या दोन्ही टोकांना चित्र कापायचं, तेवढ्याच तुकड्याचा वेग ८० टक्क्यांवर आणायचा आणि पुढचा भाग एखादी टाळी किंवा दार आपटल्याचा आवाज पाहून जुळवायचा. उजेड वारंवार बदलत असेल, तर असे तुकडे डझनावारी पडतात.

पुढच्या प्रयोगाला आयफोन वापरणार असाल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Record Video खालचं Auto FPS आधीच बंद करून ठेवा. अंधुक प्रवेश थोडा काळपट येईल, तेवढं चालवून घ्यावं लागेल.