पंचवीस मिलिलिटरमधले हरवलेले १२९ मिलिग्रॅम

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मधोमध फुगीर पोट आणि वर एकच रेघ असलेली काचेची बारीक नळी असते. हे पिपेट. त्यावर '२५ मिली' छापलेले असते आणि बहुतेक जण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. 'ए' वर्गाच्या पिपेटला २५ मिलिलिटरमागे ०.०३ मिलिलिटर इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणजे ही मुभा एका थेंबाहूनही कमी. मग पिपेट खरोखर या मर्यादेत आहे की नाही, हे कसे तपासायचे? दुसऱ्या एखाद्या मापात पाणी ओतून पाहावे, तर ते मापही काचेचेच. त्याचा तरी काय भरवसा?

म्हणून तराजूचा आधार घ्यावा लागतो. आकारमानापेक्षा वजन कितीतरी नेमके मोजता येते, त्यामुळे पिपेटमधून सुटलेले पाणी तोलायचे आणि वजनावरून आकारमान काढायचे. युक्ती सोपी वाटते. खरी गंमत आकडेमोडीत आहे.

एक उदाहरण घेऊ. डिस्टिल्ड वॉटर, पिपेट आणि तराजू एकाच खोलीत काही तास ठेवलेले आहेत, म्हणजे सगळ्यांचे तापमान सारखे झाले आहे. थर्मामीटर पाण्यात बुडवून पाहिला तर २८.० अंश सेल्सिअस. झाकणाची छोटी काचेची कुपी आधी तोलून घेतली. मग रबरी बल्बने पिपेटमध्ये पाणी रेघेच्या जरा वर ओढले, टोक बाहेरून पुसले आणि पाणी हळूहळू खाली सोडत आणले. पाण्याचा पृष्ठभाग नळीत वाटीसारखा खोलगट दिसतो. त्याचा तळ रेघेला टेकला की थांबायचे. डोळा रेघेच्या अगदी समोर हवा, वरून किंवा खालून पाहिले की फसगत होते. त्यानंतर टोक कुपीच्या आतल्या बाजूला टेकवून पाणी आपोआप वाहू द्यायचे. प्रवाह थांबल्यावर काही सेकंद थांबायचे, कुपीला झाकण लावायचे आणि पुन्हा तोलायचे.

टोकात शेवटी उरलेले थोडे पाणी फुंकून काढण्याचा मोह प्रत्येक नवख्याला होतो. तो आवरायचा. हे उरणारे पाणी पिपेट बनवताना हिशेबात धरलेलेच असते.

पाच वेळा तोलल्यावर आकडे आले: २४.८७१, २४.८६८, २४.८७४, २४.८६९ आणि २४.८७३ ग्रॅम. सरासरी २४.८७१ ग्रॅम. आकडे एकमेकांना धरून आहेत, म्हणजे हात स्थिर आहे. पण '१ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम' हा शाळेतला हिशेब लावला, तर हे पिपेट ०.१२९ मिलिलिटरने कमी पाणी देते आहे! मुभा ०.०३ची आणि तूट चौपटीहून जास्त. दुकानदाराला परत करावे असे वाटण्याजोगीच ही परिस्थिती आहे. पण हे १२९ मिलिग्रॅम गेले कुठे, ते आधी पाहू.

मोठा वाटा तापमानाचा. पाणी ४ अंशांच्या आसपास सर्वांत दाट असते आणि त्यापुढे तापेल तसे पसरते. २८ अंशांना त्याची घनता दर मिलिलिटरला ०.९९६२३२ ग्रॅम. अर्थात अगदी बिनचूक २५ मिलिलिटर पाण्याचेही वस्तुमान २४.९०६ ग्रॅमच भरते. ९४ मिलिग्रॅमचा हिशेब इथेच लागला.

उरले ३५. नुसत्या घनतेची दुरुस्ती करून थांबणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या हिशेबाने आकारमान येते २४.९६५ मिलिलिटर. तूट ०.०३५, म्हणजे पिपेट थोडक्यात नापास! मात्र अजून एक गोष्ट मोजायची राहिली आहे, ती म्हणजे हवा.

पाण्यात बुडवलेली वस्तू हलकी लागते, तशीच हवेतली वस्तूही किंचित हलकी लागते. २५ मिलिलिटर पाणी तेवढीच हवा बाजूला सारते आणि त्या हवेचे वजन सुमारे ३० मिलिग्रॅम असते. तराजूने तेवढे कमी दाखवावे, पण तो पोलादी वजनांवर जुळवलेला असतो आणि हवेने ती वजनेही थोडी उचललेली असतात. पोलाद पाण्याच्या आठपट दाट असल्यामुळे २५ ग्रॅमची वजने जेमतेम ३ मिलिलिटर हवा सारतात, म्हणजे सुमारे ४ मिलिग्रॅम. दोहोंतला फरक २६ मिलिग्रॅम. पस्तिसातून हे वजा केले की उरतात फक्त ९.

प्रयोगशाळेत एवढी लांबण लावत नाहीत. घनता आणि हवा या दोन्ही दुरुस्त्या एकाच गुणकात बसवलेले कोष्टक मिळते. २८ अंशांसाठी तो गुणक सुमारे १.००४८४. त्याने २४.८७१ ला गुणले की २४.९९१ मिलिलिटर येतात. पिपेट ०.००९ मिलिलिटरने कमी आहे, पण 'ए' वर्गाच्या मर्यादेत आरामात बसते. ज्याला नापास ठरवायला निघालो होतो, ते पिपेट चांगले निघाले.

आता थर्मामीटरकडे दुर्लक्ष केले असते तर? समजा पाणी २८ अंशांचे असताना कुणी सवयीने २५ अंशांचा गुणक घेतला. उत्तर येते २४.९७१, म्हणजे ०.०२ मिलिलिटरची चूक. तीन अंशांच्या आळसाने मुभेचा दोन-तृतीयांश भाग खाल्ला. म्हणून थर्मामीटर हवेत टांगायचा नाही, तो पाण्यातच बुडवायचा. पिपेटचे फुगीर पोट मुठीत धरायचे नाही, वरच्या बारीक नळीला पकडायचे. हाताची ऊब पाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

आकडे विस्कळीत आले, तर आधी काचेकडे पाहावे. स्वच्छ पिपेटमधून पाणी उतरताना आतल्या भिंतीवर सलग पातळ पापुद्रा राहतो. कुठे थेंब चिकटून राहिले तर तिथे तेलकटपणा आहे. तो धुवून काढल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. पिपेट नेहमीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले, तर टोक फुटले असण्याची शक्यता असते. पाणी घाईने उतरले की भिंतीवर पापुद्रा जाड राहतो आणि सुटणारे पाणी कमी भरते. कुपी उघडी ठेवून तोलताना आकडा डोळ्यांदेखत घसरत जातो, तो बाष्पीभवनामुळे. म्हणून झाकण हवेच.

हा सगळा गोंधळ शाळेतल्या त्या एकास एक नियमाने होतो, आणि त्यालाही इतिहास आहे. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तो घन सेंटिमीटरभर पाण्याच्या वजनावरूनच. १९०१ मध्ये लिटरची व्याख्याही एक किलो पाण्याचे आकारमान अशी केली गेली. हे आकारमान एका घन डेसिमीटरपेक्षा किंचित जास्त भरत असल्याने १९६४ मध्ये ती व्याख्या रद्द झाली.

राहता राहिला पिपेटवरचा बारीक छापील तापमानाचा आकडा. परदेशी पिपेटवर तो सहसा २० अंश असतो, तर भारतीय मानकानुसार बनलेल्या काचेवर २७. कारण उघड आहे, आपल्याकडे वर्षातला बराच काळ खोली २० अंशांवर नसतेच. सुदैवाने बोरोसिलिकेट काच फारच थोडी पसरते. सात अंशांच्या फरकाने २५ मिलिलिटरचे पिपेट जेमतेम ०.००२ मिलिलिटरने बदलते. तेव्हा मोजणीच्या नोंदीत हा आकडा लिहावाच, पण काळजी करायची ती पाण्याच्या तापमानाची.