यंत्राचे प्रश्न, माणसाचे प्रश्न

शाखा उघडण्याआधी व्यवस्थापकांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. "शिल्लक, चेकबुक, खातेउतारा हे प्रश्न आता चॅटबॉट सांभाळेल. तुमची खुर्ची कुणी काढून घेत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी एक उदाहरण घेतलं.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले. ही तक्रार चॅटबॉट नोंदवू शकतो, कारण नियम ठरलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांत पैसे परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

"पण ग्राहक म्हणाला, 'मी एटीएमला गेलोच नाही', तर?" व्यवस्थापकांनी विचारलं. 'पैसे कापले गेले' एवढंच वाचून चॅटबॉट त्यालाही पाच दिवस थांबायला सांगेल. ही मात्र फसवणूक असू शकते. तिथे कार्ड लगेच बंद करून तक्रार लिहून घ्यावी लागते. २०१७च्या नियमानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही.

"म्हणून पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा : कार्ड कुठे होतं?"