मदरबोर्डवरचे दिवे काय सांगतात?

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच राहते, तेव्हा मदरबोर्डच्या कडेचे चार छोटे दिवे पाहावेत. त्यांच्याजवळ CPU, DRAM, VGA आणि BOOT अशी अक्षरे छापलेली असतात. संगणक सुरू होताना प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिम असलेली डिस्क यांची तपासणी होते. तपासणी चालू असेपर्यंत त्या टप्प्याचा दिवा पेटतो आणि ती पार पडली की विझतो. जो दिवा पेटून राहतो, तिथे गाडी अडलेली असते.

काही बोर्डांवर दोन अक्षरी कोड दाखवणारी छोटी पट्टीही असते. समजा, DRAM चा दिवा पेटून राहिला आणि पट्टीवर 55 दिसले. AMI च्या बायोसमध्ये याचा अर्थ मेमरी बसवलेली आढळली नाही. अशा वेळी वीज पूर्ण बंद करून रॅम काढावी आणि एकच पट्टी, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये, खटका बसेपर्यंत दाबावी. तरीही 55 राहिले, तर दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट वापरून पाहावा. दोष पट्टीबरोबर सरकला तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन.

मात्र नवी DDR5 रॅम बसवल्यावर हा दिवा काही मिनिटे पेटू शकतो, कारण बोर्ड मेमरीशी वेळ जुळवत असतो. तेवढे थांबावे. कोडचे अर्थ बायोसनुसार बदलतात, म्हणून त्याच बोर्डाची पुस्तिका पाहावी.